घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेलं सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं?

प्रश्न: मी नोकरी करतो. रात्री घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर लिहिलं आहे. कंपनी त्यावर हक्क सांगू शकते का?

हो, सांगू शकते. वेळ आणि लॅपटॉप तुमचा होता ही जमेची बाजू आहे, पण निकाल तेवढ्यावर लागत नाही. नोकरीवर रुजू होताना सही केलेला करार आधी बाहेर काढा आणि त्यातलं बौद्धिक संपदेचं कलम शब्दन् शब्द वाचा.

करारात काहीच नसेल, तर कॉपीराइटचा प्रश्न बहुतेक ठिकाणी एवढाच उरतो: हे काम नोकरीचा भाग म्हणून झालं का? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ हेच विचारतं. पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीतल्या प्रोग्रामरने रात्री सतार शिकवणारं ॲप लिहिलं, तर ते त्याचं. पण त्याने हजेरी मोजणारं ॲप लिहिलं, तर कंपनी म्हणणार की हे आमच्याच धंद्यातलं आहे, आणि त्या म्हणण्यात दम असेल.

करारात मात्र बरेचदा याहून रुंद जाळं टाकलेलं असतं: नोकरीच्या काळात सुचलेलं, कंपनीच्या सध्याच्या किंवा संभाव्य व्यवसायाशी संबंधित सगळं कंपनीचं. टेक्सासमधला एक खटला मला फार बोचतो. एका इंजिनिअरने १९८७ मध्ये असा करार केला होता. जुना मशीन कोड वाचता येईल अशा भाषेत आणायची कल्पना त्याच्या डोक्यात होती, आणि ती नोकरीच्या आधीपासूनची आहे असं त्याचं म्हणणं होतं. ती कागदावर उतरलेलीही नव्हती. तरी २००४ मध्ये अपील न्यायालयाने ती कंपनीची ठरवली. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो, पण असा करार किती लांब पोचतो ते त्यातून कळतं.

कॅलिफोर्नियात कर्मचाऱ्याला संरक्षण आहे. तिथल्या कामगार संहितेच्या कलम २८७० नुसार, पूर्णपणे स्वतःच्या वेळेत आणि कंपनीची साधनं किंवा गुपितं न वापरता केलेला शोध कंपनी करारानेही घेऊ शकत नाही. अपवाद दोन: तो कंपनीच्या व्यवसायाशी किंवा तिच्या चालू वा उघडपणे अपेक्षित संशोधनाशी संबंधित असेल, किंवा कंपनीसाठी केलेल्या कामातूनच निघाला असेल. म्हणजे तिथेही हजेरीचं ॲप अडकतं. तुम्ही राहता तिथे असा कायदा आहे का, हे स्थानिक वकिलाला विचारा.

तुमचं सॉफ्टवेअर कंपनीच्या कामाच्या आसपासचं असेल, तर ते विकण्याआधी किंवा सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी लेखी परवानगी घ्या. साहेबांनी तोंडी "चालेल" म्हटलं तर त्याच दिवशी ईमेलवर तसं लिहून घ्या, कारण साहेब बदलतात. ऑफिसच्या खात्यावरून, व्हीपीएनवरून किंवा कंपनीच्या परवान्याच्या टूलवर एक ओळही लिहू नका. नवी नोकरी धरताना कराराला जोडलेल्या "आधीचे शोध" या यादीत तुमच्या प्रकल्पाचं नाव भरा. ती जागा बहुतेक जण कोरी सोडतात, आणि वाद झाला की कंपनीचा वकील तीच पुढे करतो.