आयफोन सोडला आणि एकाच माणसाचे मेसेज बंद झाले: कुठे आणि कसं तपासायचं

*“ठाण्यात कासारवडवलीला राहते. मागच्या महिन्यात जुना आयफोन बाजूला ठेवून अँड्रॉइड घेतला, सिम तेच. तेव्हापासून पुण्याच्या ताईचे मेसेज येतच नाहीत. बँकेचे, कुरिअरचे, बाकी सगळ्यांचे येतात. ताई व्हॉट्सअॅप वापरत नाही, तिच्याकडे आयफोन आहे. फोन लावला तर लागतो. तिला ब्लॉक केलेलं नाही. काय झालं असेल?”*

ताईंचा मेसेज बहुधा तुमच्या सिमकडे येतच नाहीये. आयफोनवरून दुसऱ्या आयफोनला मेसेज केला की तो साधा एसएमएस म्हणून जात नाही. तो आयमेसेज म्हणून इंटरनेटवरून अॅपलच्या सर्व्हरमार्गे जातो. पाठवणाऱ्याचा फोन आधी विचारतो की हा नंबर आयमेसेजवर नोंदलेला आहे का. तुमचा नंबर आयफोन वापरताना तिथे नोंदला गेला आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावरही ती नोंद तशीच राहू शकते. मग ताईंच्या फोनला ‘हो, आहे’ असंच उत्तर मिळतं आणि मेसेज तुमच्या नव्या फोनला माहीतच नसलेल्या रस्त्याने निघतो. बँक आणि अँड्रॉइडवाले एसएमएस पाठवतात, म्हणून ते येतात. कॉल सिमच्या नेटवर्कवरून येतो, म्हणून तो लागतो. आपल्याकडे बहुतेकांचं बोलणं व्हॉट्सअॅपवर चालतं, त्यामुळे ही गोष्ट अशा एखाद्याच माणसापाशी उघडी पडते.

तपासणी ताईंच्या फोनपासून सुरू करा, तुमच्या नाही. त्यांना फोन करा आणि बोलता बोलताच एक मेसेज पाठवायला सांगा. मग दोन गोष्टी विचारा: त्या मेसेजचा रंग निळा आहे की हिरवा, आणि त्याच्याखाली काय लिहिलंय?

निळा म्हणजे आयमेसेज, म्हणजे वरचंच कारण. निळ्याखाली `Delivered` नसेल तर मेसेज सर्व्हरवर थांबलेला आहे. अॅपल असे मेसेज 30 दिवसांपर्यंत धरून ठेवतं. निळ्याखाली `Delivered` असेल, तर तो तुमच्याच खात्याच्या एखाद्या चालू उपकरणावर उतरलाय. जुना आयफोन, आयपॅड, मॅक, काहीही असू शकतं. सिम नसलं तरी घरचं वायफाय त्याला पुरतं. या एका शब्दावरून मेसेज कुठे शोधायचा ते ठरतं, म्हणून ताईंना नीट बघून सांगायला लावा.

घणसोलीत आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचं हेच झालं होतं. नाशिकच्या मुलाचे मेसेज येत नव्हते आणि मुलाच्या फोनवर मात्र प्रत्येकाखाली `Delivered`. काकूंचा जुना आयफोन नातवाकडे होता, गेम खेळायला, वायफायवर. उघडून पाहिलं तर मुलाचे सगळे मेसेज त्यात ओळीने पडलेले. नोटिफिकेशन बंद असल्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आम्ही त्या फोनवर आयमेसेज बंद केलं, तरी मुलाचा पुढचा मेसेज पुन्हा निळाच गेला. कारण मुलाच्या फोनमध्ये आईच्या नावाखाली नंबरबरोबर ईमेलही साठवलेला होता, आणि तोच ईमेल काकूंच्या अॅपल खात्याचा. आयफोन एका माणसाचा नंबर आणि ईमेल एकाच संभाषणात दाखवतो, त्यामुळे मेसेज ईमेलच्या पत्त्यावर जात होता. मुलाने नवीन मेसेज उघडून नावाऐवजी नंबर टाईप केला, तेव्हा तो हिरवा गेला आणि काकूंचा फोन लगेच वाजला.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. जुना आयफोन घरात असेल तर नोंद काढण्याआधी तो चार्ज करून वायफायला जोडा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या. अडकलेले मेसेज आले तर तिथेच येतील. नव्या अँड्रॉइडवर ते नंतर येणार नाहीत, कारण आयमेसेज वाचायची किल्ली त्या जुन्या उपकरणातच असते. ही पायरी लोक घाईत सोडून देतात आणि मग मधल्या काळातले निरोप हातचे जातात. सर्व्हरवर थांबलेल्यांना 30 दिवसांचीच मुदत आहे आणि तुम्हाला फोन बदलून महिना होत आलाय, तेव्हा हे आजच करा.

मेसेज वाचून झाले की सिम पुन्हा त्या आयफोनमध्ये घाला आणि `Settings` मध्ये `Messages` उघडून `iMessage` बंद करा. आयओएस 18 पासून `Messages` हे `Apps` च्या आत गेलंय. तिथेच `FaceTime` ही बंद करा. आयपॅड किंवा मॅक असेल तर त्यावरच्या मेसेजच्या सेटिंगमध्ये, मॅकवर `iMessage` खाली आणि आयपॅडवर `Send & Receive` खाली तुमचा नंबर दिसतो का ते बघा आणि दिसला तर त्याची खूण काढा.

फोन विकला किंवा एक्स्चेंजमध्ये दिला असेल तर ब्राउझरमध्ये हा पत्ता स्वतः टाईप करा:

```
selfsolve.apple.com/deregister-imessage
```

भारताचा कोड +91 निवडा, नंबर टाका, आणि एसएमएसने येणारा सहा आकडी कोड तिथे भरा. या पानाला पासवर्ड किंवा पैसे लागत नाहीत. कुणी फोन करून ‘मी करून देतो, कोड सांगा’ म्हणालं तर सांगू नका.

नोंद निघाली तरी ताईंच्या फोनला जुनी सवय राहू शकते. त्यांना नवीन मेसेज उघडून तुमचा नंबर टाईप करायला सांगा, काकूंच्या मुलाने केला तसा. तरी निळाच गेला तर त्या मेसेजवर बोट दाबून धरल्यावर `Send as Text Message` असा पर्याय येतो, तो निवडायचा. याच नावाचा पर्याय त्यांच्या `Messages` च्या सेटिंगमध्येही चालू असावा. जुनं संभाषण पुसा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. त्याने फरक पडतो हे खरं, पण त्यात फोटो आणि आठवणी असतील तर तो उपाय शेवटी ठेवा. आयफोनवाल्यांच्या जुन्या ग्रुपमध्ये तुम्ही असाल तर तो ग्रुप मात्र तुम्हाला धरून नव्याने करावा लागेल.

आता समजा ताईंचा मेसेज पहिल्यापासून हिरवाच आहे. मग तुमच्या फोनवर या. गूगलच्या `Messages` मध्ये वरच्या तुमच्या फोटोवर टॅप करून `Spam & blocked` आणि `Archived` दोन्ही उघडा. ताईंचा कॉल येताना तुमचा फोन नेहमीसारखा वाजत असेल तर नंबर ब्लॉक असण्याची शक्यता कमी, पण चुकून स्पॅममध्ये टाकला गेलेला असू शकतो.

तिथेही नसेल आणि अलीकडे तुम्ही नंबर पोर्ट केला असेल, तर ताईंच्याच कंपनीचं सिम असलेल्या दुसऱ्या कुणाला तरी एसएमएस पाठवायला सांगा. त्यांचाही आला नाही तर त्या कंपनीच्या यादीत तुमचा नंबर अजून जुन्या ऑपरेटरकडे दिसत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी तक्रार ताईंनी करायची, त्यांच्या सिमवरून 198 ला, कारण मेसेज चुकीच्या वाटेला लागतो तो त्यांच्या बाजूला. तुमचा नंबर, पाठवल्याची तारीख आणि वेळ सांगून तक्रार क्रमांक घ्यायचा.

आधी रंग विचारा आणि `Delivered` आहे की नाही ते इथे लिहा. निळा असून नोंद काढल्यावरही अडलं, तर ताईंच्या फोनमध्ये तुमच्या नावाखाली कुठला ईमेल साठवलाय का, तेही कळवा.