ग्राफवरच्या वाफ्यात रोपं किती, माती किती

ग्राफ पेपरवर काढलेल्या तुझ्या वाफ्याच्या फोटोवर पट्टी लावू नकोस रे, फोटो तिरका आलाय, चौकोन मोज फक्त. तुझे १६ बाय ८ आहेत, एक चौकोन अर्धा फूट, म्हणजे ८ बाय ४ फूट, पण हे माप विटांच्या आतलं आहे ना ते आधी बघ.

टोमॅटो २ फुटांवर लाव, कडेपासून १ फूट सोडून. चार-चारच्या दोन ओळी, ८ रोपं झाली. सगळे जण पहिलं रोप कडेलाच लावतात, मग १५ बसतात आणि दाटीत करपा येतो.

माती ८ × ४ × पाऊण फूट खोली = २४ घनफूट. पाव ब्रास म्हणजे २५, पण पाणी घातलं की भुसभुशीत माती बसते, म्हणून २८ धर, त्यातच शेणखत आलं.