कॅल्क्युलेशन चेक करताना पिवळा, लाल, हिरवा पेन नेमका कसा वापरायचा आणि ‘चेक्ड बाय’खाली सही कधी करायची?

पेनांचं आधी सांगून टाकते, ते सोपं आहे. कॅल्क्युलेशनची प्रिंट काढायची आणि तिच्यावर रिव्हिजन नंबर, तारीख घालून ‘चेक प्रिंट’चा शिक्का मारायचा. जो आकडा तुम्ही स्वतः पडताळला आणि बरोबर निघाला, त्यावर पिवळा. चूक असेल तिथे लाल, आणि लालने नुसता गोल न करता बरोबर काय हवं तेही लिहायचं. ज्यावर कुठलाच रंग नाही ते बघितलेलं नाही. मग प्रिंट डिझायनरकडे जाते. पटलं तर तो लाल खुणेशेजारी हिरवी टिक करतो, नाही पटलं तर कारण लिहितो. लाल खूण खोडायचा अधिकार त्याला नाही. दोघांचं जुळलंच नाही तर सीनियरने निकाल द्यायचा आणि त्याच प्रिंटवर सही करायची. दुरुस्त कॅल्क्युलेशन आलं की चेक प्रिंट शेजारी ठेवून एकेक लाल खूण नव्यात उतरली का ते बघा. ती शेवटची खूण जुळली की मगच सही.

पण खरं तर तुम्ही सहीचं विचारलंत म्हणून मी लिहायला बसले.

२०१२ मध्ये मी पुण्यातल्या एका स्ट्रक्चरल फर्ममध्ये चेकर होते. एका साखर कारखान्याच्या विस्ताराचं काम होतं. पॅन फ्लोअरच्या वर लोखंडी स्टेजिंगवर ४० घनमीटरची एक टाकी बसणार होती, गरम पाण्याची. डिझायनरने कॅल्क्युलेशनमध्ये लिहिलं होतं, ‘टाकीतला भार ४० टन’. टाकीचं स्वतःचं वजन आणि प्लॅटफॉर्म मिळून आणखी ८ टन, म्हणजे एकूण ४८. मी त्याचीच एक्सेल उघडली, बेरजा तपासल्या, स्टॅडमधल्या रिअ‍ॅक्शनची बेरीज ४८ येते हे बघितलं. मुख्य बीमचा रेशो, म्हणजे येणारा भार भागिले क्षमता, ०.८६ होता, म्हणजे १ च्या आत. सगळं पिवळं केलं आणि रिव्हिजन ० वर सही केली. त्या दिवशी ती सही बरोबर होती.

दोन महिन्यांनी कारखान्याच्या प्रोसेस विभागाने ठरवलं की या टाकीत बी-हेवी मळी ठेवायची. निरोप फोनवर आला. ज्याने फोन घेतला त्याने ड्राफ्ट्समनला सांगितलं, ड्राफ्ट्समनने जनरल अरेंजमेंट ड्रॉइंगमध्ये ‘हॉट वॉटर टँक’ खोडून ‘मोलॅसिस टँक’ केलं. त्याभोवती रिव्हिजनचा ढग काढला, त्रिकोणात १ घातला आणि रिव्हिजनच्या रकान्यात लिहिलं, ‘टाकीचं नाव बदललं’. ड्रॉइंग माझ्याकडे आलं. मी ढगाच्या आतलं बघितलं, स्पेलिंग बरोबर होतं, सही केली. कॅल्क्युलेशन रिव्हिजन ० वरच राहिलं.

मळी पाण्यापेक्षा जड असते, घनता साधारण १.४ धरतात. ४० घनमीटर म्हणजे ५६ टन. एकूण ४८ चे ६४ झाले आणि चार खांबांवर प्रत्येकी १२ ऐवजी १६ टन. बीमचा रेशो त्याच प्रमाणात ०.८६ वरून १.१५ च्या आसपास जातो. भूकंपाचं बलही वजनाबरोबरच वाढतं, म्हणजे ब्रेसिंग आणि अँकर बोल्टसुद्धा पुन्हा बघायला हवेत.

हे सापडलं ते योगायोगाने. गाळप सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी मी दुसऱ्याच कामासाठी साइटवर गेले होते. टाकीवर ‘बी-हेवी’ रंगवलेलं दिसलं आणि पायाखालची जमीन सरकली. साइटवाल्यांनी सांगितलं, “मॅडम, टाकी काठोकाठ भरून टेस्ट केलीय, काही हललं नाही.” टेस्ट पाण्याने केली होती. पाण्याने ती स्टेजिंग पास होणारच, ती पाण्यासाठीच काढली होती. मळीचा भार तिने तोवर पाहिलाच नव्हता.

त्या हंगामात आम्ही ओव्हरफ्लोचा पाइप खाली घेतला. ४० टनांत मळी बसते साधारण २८ घनमीटर, म्हणून टाकी ७० टक्क्यांच्या वर भरूच नये अशी सोय केली. हंगाम संपल्यावर बीमच्या खालच्या फ्लँजला प्लेट आणि दोन बाजूंना नी-ब्रेस लावले. कोणाला इजा झाली नाही.

तेव्हाचे आमचे साहेब मात्र आजही म्हणतात की चेकरने आकडेमोड बघायची, इनपुट ही डिझायनरची जबाबदारी. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. डिझायनरचीच फाइल उघडून त्याच्याच बेरजा पुन्हा करण्याला स्वतंत्र तपासणी म्हणू नये. त्याने चुकीचं गृहीत धरलं असेल तर तुम्हीही तेच गृहीत धरून बसता आणि दोघांची उत्तरं छान जुळतात. चेकरने प्रोसेसची डेटाशीट, आर्किटेक्टचं ड्रॉइंग, मशिनरीवाल्याचं लोड ड्रॉइंग स्वतः मागवायचं, त्यातून इनपुट स्वतः उतरवायचं आणि कागदावर दोन पानांचा ढोबळ हिशेब करायचा. कॉम्प्युटरचं उत्तर त्यापासून दहा टक्क्यांहून लांब गेलं, तर का गेलं ते सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. आणि ‘४० टन’ असा नागडा आकडा दिसला की लाल करा. ‘४० घनमीटर गुणिले १.०, पाणी, डेटाशीट अमुक, रिव्हिजन अमुक’ असं लिहिलेलं हवं. हे एवढं त्या पानावर असतं, तर ‘मोलॅसिस’ टाइप करणाऱ्या ड्राफ्ट्समनलाही शंका आली असती.

बदलांच्या नोंदीबद्दल मी फार कडक आहे. बदल फोनवर आला तरी त्याच दिवशी नंबर घालून चेंज नोट करायची. कोणी सांगितलं, आधी काय होतं, आता काय आहे, कुठली कॅल्क्युलेशन आणि कुठली ड्रॉइंग यात अडकतात, एवढं त्यात हवं. भार, गाळा, सेक्शन, मटेरियल किंवा आधार यातलं काहीही हललं, तर जुन्या कॅल्क्युलेशनवरची सही त्या बदलाला लागू नाही. आधी कॅल्क्युलेशनची नवी रिव्हिजन, तिची तपासणी, मग ड्रॉइंग. तोवर ड्रॉइंगच्या त्या भागावर ‘होल्ड’. आणि ड्रॉइंग चेक करताना ढगाच्या आतलंच बघू नका. ढगातला बदल ढगाबाहेर काय बिघडवतो, ते शोधायलाच तुम्हाला बसवलेलं असतं.

रंग प्रत्येक फर्ममध्ये वेगळे असतात. काही ठिकाणी बॅक-चेकला निळा चालतो, काही जण पीडीएफवरच मार्कअप करतात. तुमच्याकडे जे चालू आहे तेच पाळा, फक्त पीडीएफ असेल तर खुणा फ्लॅटन करून ती वेगळी जपा, नाहीतर कॉमेंट कोणीही पुसतं. चार माणसांच्या फर्ममध्ये प्रत्येक लिंटेलसाठी इतकं शक्य नसतं हेही मला माहीत आहे. तिथे भार आणि इनपुटचं पान स्वतः उतरवून काढा, बाकीचं नमुन्यादाखल तपासा, आणि जे तपासलं नाही ते सहीशेजारी तसं लिहा.

साहेबांना मी गेल्या वर्षी हेच सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, “इनपुटही तूच काढणार, तर डिझायनर कशाला हवा?” मी म्हटलं, त्याचं आणि माझं इनपुट शेजारी ठेवून बघायला.