पीओ आलाच नाही, पण लोगोचे बॉक्स छापून झाले

"मॅडम, आमचं सांगलीत मिठाईचं दुकान आहे. दिवाळीआधी एका कंपनीला गिफ्ट बॉक्सचं कोटेशन पाठवलं, ४२० रुपयांचा बॉक्स, ५०० नग. परचेसवाल्यांचा मेल आला, 'रेट ओके, ५०० कन्फर्म, पीओ पाठवतो', लोगोचं डिझाइनही व्हॉट्सॲपवर पास केलं. बॉक्स छापायला ३२,५०० गेले, काजू-तूप भरून ठेवलं, आता म्हणतात बजेट कापलं, पीओ म्हणजे परचेस ऑर्डर निघालीच नव्हती. ॲडव्हान्स घेतला नाही. काही मिळेल का?"

मिळू शकेल, पण पूर्ण २ लाख १० हजार मिळतील हे आधी डोक्यातून काढा.

पीओ नाही म्हणजे करारच नाही, हे परचेसवाल्यांचं ठरलेलं पालुपद आहे, घाबरू नका. तुमचं कोटेशन हा प्रस्ताव आणि त्यांचा मेल ही स्वीकृती, मेलवर झालेला करार आयटी ॲक्टच्या कलम १०ए मुळे चालतो आणि ॲडव्हान्स नसला तरी करार होतोच. सगळं अडतं ते मेलच्या शब्दांवर. 'कन्फर्म, पीओ पाठवतो' एवढंच असेल तर पीओ ही नुसती कागदोपत्री पूर्तता होती असं आपण म्हणू शकतो, वरून त्यांनी डिझाइन पास केलंय, म्हणजे ऑर्डर धरूनच चालले होते. पण 'पीओ मिळाल्याशिवाय ऑर्डर समजू नये' अशी ओळ मेलच्या तळाशी बारीक अक्षरात जरी असली तरी केस बरीच पातळ होते, तेव्हा आज रात्रीच तो मेल शेवटपर्यंत वाचा.

आता पैशाचं. करार कायद्याचं कलम ७३ खरं नुकसान देतं, पण तुम्ही ते कमी करायचा प्रयत्न केला का हेही बघतं. काजू-तूप दुकानात खपेल, ते मागू नका, उगाच दावा फुगवला की कोर्टाचा विश्वास उडतो. लोगोचे बॉक्स मात्र दुसऱ्याला विकता येत नाहीत, त्याचे ३२,५०० मागा. वर निव्वळ नफा, समजा बॉक्समागे ८० सुटणार होते तर ४०,०००, म्हणजे एकूण ७२,५००. बॉक्सवर नवीन स्लीव्ह चढवून ते वापरता आले तर तेवढं वजा होईल.

आधी वकिलाकडून नोटीस, स्पीड पोस्टाने, रक्कम आणि १५ दिवसांची मुदत लिहून. बऱ्याचदा इथेच प्रिंटिंगचा खर्च सुटतो, कंपनीलाही एवढ्यासाठी कोर्टात यायचं नसतं. नाहीच ऐकलं तर साध्या दिवाणी कोर्टात दावा, ३ लाखांच्या खाली असल्यामुळे कमर्शियल कोर्टात जात नाही, मुदत तीन वर्षं. एमएसएमई कौन्सिलकडे जा असं कोणी सांगेल, पण ते माल पोचवून पैसे थकले तर कामाचं, तुमचा माल गेलेलाच नाही. आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका, व्हॉट्सॲप पुराव्यात दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, मूळ फोन हाताशी असला की सोपं जातं.

पुढच्या वर्षीच्या कोटेशनमध्ये एवढं टाका: 'डिझाइन मंजूर होताच ऑर्डर पक्की, ५० टक्के ॲडव्हान्स आल्यावरच छपाई, छपाईनंतर रद्द केल्यास छपाईखर्च ग्राहकाकडे.'