सोसायटीच्या खर्चाचा पाय चार्ट आणि त्यातले बारीक तुकडे

प्रश्न: आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी खर्चाचा चार्ट एक्सेलमध्ये करतोय. १४ खाती, एकूण २४ लाख. साध्या पायमध्ये बारीक तुकड्यांची लेबलं एकमेकांवर चढतात. Pie of Pie करून पाहिलं तर सुरक्षारक्षकांचा खर्चच छोट्या गोलात जाऊन बसला! डोनट करू का? आणि किती टक्क्यांखालचं 'इतर'मध्ये टाकायचं? टक्केवारी अशी: मालमत्ता कर २०, पाणी १५, वीज ९, लिफ्ट ७, दुरुस्ती ४, विमा १.८, ऑडिट १.५, पंप १.३, पेस्ट कंट्रोल १, सण ०.८, छपाई ०.४, बँक चार्जेस ०.२, साफसफाई १२, सुरक्षा २६.

उत्तर:

सुरक्षा छोट्या गोलात गेली कारण ती तुमच्या यादीत शेवटी आहे. Pie of Pie पहिल्यांदा काढलं की एक्सेल आकडा लहान की मोठा हे बघतच नाही, तक्त्यातल्या शेवटच्या काही ओळी उचलून दुसऱ्या गोलात टाकतो. जमाखर्चाच्या पत्रकातला क्रम तसाच ठेवलात तर हे होणारच. आधी यादी मोठ्याकडून लहानाकडे लावा. मग कुठल्याही तुकड्यावर राइट क्लिक करून Format Data Series उघडा. तिथे Split Series By समोर Position असेल, ते बदलून Percentage value करा आणि Values less than मध्ये 2% टाका. विम्यापासून बँक चार्जेसपर्यंतची सात खाती दुसऱ्या गोलात जातील, बाकीची सात मोठ्या गोलात राहतील आणि एक्सेल आपणहून Other नावाचा ७ टक्क्यांचा तुकडा तयार करेल. हे इंग्रजी नाव नको असेल तर लेबलवर दोनदा सावकाश क्लिक करून तिथे मराठीत लिहिता येतं. पण मग ते लेबल हाताने लिहिलेलं राहतं. पुढच्या वर्षी आकडे बदलले तरी त्यातले ७ टक्के तसेच राहतील, तेवढं ध्यानात ठेवा.

एवढं करून चार्ट नीट दिसेल, पण तो सभेत दाखवावा असं मला वाटत नाही. कारण तुमच्याच आकड्यांत आहे. सात किरकोळ खात्यांची बेरीज १ लाख ६८ हजार, त्यात विमा ४३,२००. म्हणजे छोट्या गोलाचा जवळजवळ २६ टक्के भाग विम्याचा. आणि मोठ्या गोलात सुरक्षा किती? तीही २६ टक्के. दोन्ही तुकड्यांचा कोन जवळपास सारखा, ९३ अंशांच्या आसपास. एक खर्च सव्वासहा लाखांचा, दुसरा पन्नास हजारांच्याही आतला, आणि मागच्या खुर्च्यांवरून दोन्ही तुकडे भावंडं वाटतात. विम्याच्या लेबलवर टक्के एकूण खर्चाचेच येतात, म्हणजे १.८, पण लोक आधी आकार बघतात आणि मग अक्षरं. Second Plot Size सुरुवातीला 75% असतो, तो कमी करून थोडा फरक पडतो. मात्र क्षेत्रफळाचा हिशोब चोख ठेवायचा तर छोट्या गोलाचा व्यास मोठ्याच्या साधारण पाव भागाएवढाच हवा, आणि तेवढ्या गोलात सात लेबलं मावणार नाहीत. म्हणजे ज्या अडचणीसाठी दुसरा गोल काढला, तीच तिथे पुन्हा येते.

किरकोळ खर्चाचा तपशील चित्रातच दाखवायचा हट्ट असेल तर Change Chart Type मधून Bar of Pie घ्या. दुसरा भाग गोल नसून उभी पट्टी असतो, त्यामुळे तो आणखी एक पूर्ण गोल वाटत नाही आणि लेबलं एकाखाली एक येतात. विभागणीचे पर्याय तेच. अशी रचना शोभते ती सभेचा मुद्दाच किरकोळ खर्च असेल तेव्हा, उदाहरणार्थ 'हे ७ टक्के गेले कुठे' असं कुणी लेखी विचारलं असेल तर. तुमच्या बाबतीत तसं दिसत नाही.

आता किती टक्क्यांखालचं एकत्र करायचं. याला ठरावीक आकडा नाही, पण कागदावर मोजून काढता येतो. ए-फोरवर चार्टचा व्यास ८ सेंटीमीटर धरा. परीघ साधारण २५ सेंटीमीटर, म्हणजे एका टक्क्याला कडेवर अडीच मिलिमीटर. नऊ पॉइंटच्या अक्षरांची एक ओळ सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास जागा घेते. तेव्हा दीड टक्क्याखालचा एखादाच तुकडा दोन मोठ्यांच्या मध्ये असेल तर निभावतं, पण असे तीन-चार लागोपाठ आले की लेबलं एकमेकांवर चढतात. तुमचे बँक चार्जेस तर कडेवर अर्धा मिलिमीटर आहेत, छपाईत ती नुसती रेघ उमटेल. शिवाय टक्के बिनदशांश ठेवलेत तर छपाई आणि बँक या दोन्हींपुढे 0% येईल. पैसे खर्च झाले आणि लिहिलंय शून्य, यावर कुणीतरी उभं राहणारच.

डोनटला हे माप आणखी कडक लागतं. पायमध्ये लेबल Outside End करून बाहेर काढता येतं, डोनटमध्ये हा पर्यायच नसतो. आकडा कड्याच्या जाडीतच बसवावा लागतो, नाहीतर एकेक लेबल हाताने ओढून बाहेर न्यावं लागतं. व्यास तेवढाच आणि मधलं भोक ६० टक्के धरलं तर कडं १.६ सेंटीमीटर जाड होतं आणि कड्याच्या मध्यावर ४ टक्क्यांना ८ मिलिमीटर मिळतात. '4%' एवढं लेबल त्यात आरामात बसतं, त्याहून बारीक तुकड्यात अडचण सुरू होते. म्हणून पायला साधारण दीड-दोन टक्के आणि डोनटला चार, असा माझा हिशोब. प्रोजेक्टरवर अक्षरं मोठी लागतात, तेव्हा तिथे दोन्ही आकडे वर सरकतात.

पण एकदा कुठले तुकडे बारीक हे कळलं की ते सरसकट 'इतर'मध्ये ढकलू नका. त्यांचे मोठे नातेवाईक यादीतच आहेत. पंपाची देखभाल लिफ्टबरोबर जाते: 'लिफ्ट व पंप' ८.३ टक्के. पेस्ट कंट्रोल साफसफाईत: १३ टक्के. विमा, ऑडिट, छपाई आणि बँक मिळून ३.९ होतात, त्याला 'विमा, ऑडिट व कार्यालय' म्हणा. राहिला सणांचा ०.८. त्याला नातेवाईक नाही, म्हणून तो याच गटात घाला, पण नावात 'सण' हा शब्द ठेवा. रक्कम छोटी असली तरी गणपतीच्या खर्चावर प्रश्न येतो आणि तो लपवला असं वाटायला नको. हा गट ४.७ टक्क्यांचा झाला. आता १४ ऐवजी ८ तुकडे राहिले, सर्वात लहान ४ टक्क्यांचा, आणि 'इतर' असा निनावी तुकडा नाहीच. निनावी तुकडा ठेवावाच लागला तर तो दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये असं मी पाळतो. त्याहून मोठा झाला की तो खर्चाचं खातं राहत नाही, संशयाचं होतं.

हे मूळ तक्ता न मोडता करा. A मध्ये खातं, B मध्ये रक्कम, आणि C मध्ये गटाचं नाव हाताने लिहा. मोठ्या खात्यांपुढे त्यांचंच नाव येईल. मग E मध्ये आठ गटांची नावं, मोठ्या गटाकडून लहानाकडे, आणि F2 मध्ये:

```
=SUMIF($C$2:$C$15,E2,$B$2:$B$15)
```

हे खाली F9 पर्यंत ओढा आणि चार्ट E-F वरून काढा. F ची बेरीज २४ लाख येते का ते बघा. कमी आली तर कुठल्यातरी गटाच्या नावात एखादी वेलांटी किंवा जादा स्पेस वेगळी आहे. C मध्ये IF लावून '२ टक्क्यांखालचं किरकोळ' असं आपोआपही करता येतं, पण मी करत नाही. पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता वाढून तो २ टक्क्यांच्या वर गेला की आपोआप किरकोळमधून बाहेर पडेल, किरकोळ खर्च घटल्यासारखा दिसेल आणि दोन वर्षांची तुलना फसेल. नावाने केलेले गट जागेवर राहतात. तुलनेवरून आठवलं, दोन वर्षांसाठी डोनटची दोन कडी एकात एक घालू नका. बाहेरच्या कड्यातला तेवढाच टक्का लांबीने मोठा दिसतो. तिथे साधा बार चार्ट घ्या.

डोनट काढायचा तर Insert मध्ये पायच्याच यादीत Doughnut आहे. काढल्यावर Format Data Series मध्ये Doughnut Hole Size 60% करा. मधल्या जागेत एकूण रक्कम दाखवायची असेल तर चार्ट निवडलेला असताना Insert मधून Text Box काढा, त्याच्या कडेवर क्लिक करा आणि फॉर्म्युला बारमध्ये = टाइप करून बेरजेच्या सेलवर क्लिक करा. रक्कम बदलली की तिथेही बदलेल. ही मधली जागा सोडली तर डोनटचा वेगळा फायदा मला तरी दिसलेला नाही.

आणि एक गोष्ट विचारून घ्या: हा चार्ट पडद्यावर दाखवणार की सभेच्या नोटिशीबरोबर झेरॉक्स काढून वाटणार? डोनटमध्ये नावं बहुधा बाजूच्या रंगांच्या यादीत जातात आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये आठ रंगांचे आठ सारखेच राखाडी होतात. वाटायचा असेल तर पाय घ्या, यादी काढून टाका आणि नाव व टक्के दोन्ही Outside End ला लावा. तेव्हा शेवटचे दोन लहान तुकडे बरोबर बाराच्या काट्यापाशी येतात. तिथली लेबलं आडवी पसरतात म्हणून तिथेच सर्वात जास्त गर्दी होते. Angle of first slice ला 106 टाका. हे दोन तुकडे मिळून ३१ अंशांचे आहेत, ते उजवीकडे तीनच्या काट्यावर येतील आणि लेबलं एकाखाली एक बसतील. Pie of Pie मध्ये हे फिरवणं मिळत नाही, त्याचंही एक उणं.

सिंकिंग फंडाची वर्गणी या यादीत घातलेली नाही ते बरं केलंत, तो निधी आहे, खर्च नव्हे. एखाद्या खात्यात परतावा येऊन रक्कम उणे झाली असेल तर तीही चार्टमध्ये घेऊ नका. एक्सेलचा पाय उण्याचं चिन्ह सोडून देतो आणि परताव्याला खर्च म्हणून रंगवतो. चार्टखाली १४ खात्यांचा पूर्ण तक्ता रुपयांत छापा, म्हणजे गटांत काय घातलं हे ज्याला बघायचं त्याला तिथेच दिसेल.