आडव्या रेघा कुठे आहेत?

"प्रशिक्षण फिल्मची संहिता मी नीट दोन रकान्यांत लिहून दिली, डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी. तरी संकलक सारखा फोन करतो, 'हे वाक्य नेमकं कोणत्या दृश्यावर?' आणि निवेदकाने तर कॅमेऱ्याची सूचनाही वाचून टाकली! माझं चुकतंय कुठे?"

मागे एक सुरक्षा प्रशिक्षक माझ्याकडे असंच बाड घेऊन आले होते. विषय होता अग्निशामक कसा वापरायचा. मी मधलंच एक पान उघडलं. डावीकडे फक्त 'कर्मचारी अग्निशामक वापरतो'. उजवीकडे सलग परिच्छेद: पिन काढा, नळी धरा, दांडा दाबा, फवारा फिरवा, आणि मध्येच कंसात 'इथे जवळून दाखवा'. तुमच्या निवेदकानेही असंच काहीतरी वाचलं असणार. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्या रकान्यात जे असेल ते तो वाचणार.

मी त्यांना विचारलं, "उभी रेघ आहे, आडव्या कुठे आहेत?" संकलक पान आडवं वाचतो. एका ओळीतलं चित्र आणि त्याच ओळीतलं वाक्य एकत्र लावायचं, एवढंच त्याला कळतं. चार कृती एका ओळीत कोंबल्या की कोणतं वाक्य कुठे सुरू होतं हे त्याला अंदाजाने ठरवावं लागतं. म्हणून चित्र बदललं की नवी ओळ.

मग मी त्यांना रिकामा अग्निशामक हातात घ्यायला सांगितलं आणि फोनवरचं घड्याळ लावलं. 'पिन ओढून काढा' हे म्हणायला दोन सेकंद लागले. सील तोडून पिन बाहेर यायला पाच. ते स्वतःच चपापले. त्यांच्या परिच्छेदात पिन अजून अडकलेली असतानाच निवेदक दांड्यापर्यंत पोचला असता. हे उरलेले तीन सेकंद कागदावर लिहावेच लागतात. नाहीतर संकलक कृती कापतो, किंवा पुढचं वाक्य आधीच्या चित्रावर ओढतो. शिकणाऱ्याला त्या क्षणी शब्द नको असतात, हात बघायचा असतो.

तो परिच्छेद आम्ही असा फोडला:

| क्र. | दृश्य | ध्वनी |
|---|---|---|
| ७ | जवळून: बोट पिनच्या कडीत. सील तुटतं, पिन बाहेर येते. | निवेदन: पिन ओढून काढा. [३ सेकंद निवेदन नाही, सील तुटल्याचा आवाज] |
| ८ | मध्यम: नळीचं तोंड आगीच्या बुडाकडे. पडद्यावर अक्षरं: 'आगीच्या बुडाशी' | निवेदन: नळी ज्वाळांच्या टोकावर नको, आगीच्या बुडाशी धरा. |
| ९ | जवळून: दांडा दाबला जातो. | निवेदन: दांडा दाबा. [फवाऱ्याचा आवाज] |
| १० | लांबून: फवारा डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. | निवेदन: आणि फवारा दोन्ही बाजूंना फिरवत राहा. |

आठव्या ओळीकडे त्यांचं बराच वेळ लक्ष होतं. पडद्यावरची अक्षरं ते आधी निवेदनातच लिहायचे, कारण 'शब्द म्हणजे ध्वनी' असं त्यांना वाटे. पण जे डोळ्यांनी वाचायचं ते दृश्य. ते डावीकडे, आणि शुद्धलेखनासकट जसंच्या तसं, कारण अक्षरं टाकणारा तिथूनच उचलतो. आकड्यांचं याच्या उलट: पडद्यावर '२ मी.' चालेल, निवेदनात मात्र 'दोन मीटर' असं अक्षरी लिहा. 'मी.' दिसलं की निवेदक क्षणभर अडखळतो, आणि ते ध्वनिमुद्रणात ऐकू येतं.

चौकटी कंसातलं वाचायचं नाही, हे आम्ही पहिल्याच पानावर लिहिलं. तरी माझा भरवसा कंसावर नाही. निवेदकासाठी वेगळी प्रत काढा: फक्त ओळीचा क्रमांक, निवेदन आणि कुठे थांबायचं याची खूण, मोठ्या अक्षरांत. प्रत्येक तुकड्याआधी त्याला क्रमांक मोठ्याने म्हणू द्या, 'आठ', मग वाक्य. संकलकाला ध्वनिफितीत ओळ शोधायला तेवढं पुरतं, आणि नंतर तो क्रमांक कापला जातो.

एका ठिकाणी मात्र ते हट्टाला पेटले. चित्रीकरण झाल्यावर त्यांना पिनच्या आधी 'दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पाहा' ही ओळ हवी होती. मागणी योग्यच होती, पण त्यासाठी ते सगळे क्रमांक एकेकाने पुढे सरकवायला निघाले. चित्रफितींवर आणि ध्वनिमुद्रणात जुने क्रमांक आधीच बसले होते. नवा 'आठ' म्हणजे जुना 'सात', असं झालं असतं तर कोणालाच काही सापडलं नसतं. आम्ही तिला '६अ' केलं आणि बाकीच्या क्रमांकांना हात लावला नाही.

त्या फिल्मच्या संकलनात त्यांना फोन एकदाच आला. सहा-अ चं चित्रीकरण अजून व्हायचं आहे का, एवढंच विचारायला.