तीन ग्लास म्हणजे नेमके किती पेग?

प्रश्न: "मागच्या पार्टीत मी मोजून तीनच ग्लास घेतले, तरी उलट्या झाल्या आणि घरी कसा आलो ते आठवत नाही. पुढच्या शनिवारी काटोल रोडच्या फार्महाऊसवर पुन्हा पार्टी आहे. या वेळी किती आणि कसं घ्यावं?"

मी नागपुरात बरीच वर्षं लग्नं आणि खासगी पार्ट्यांमध्ये बार सांभाळतो. तुमची मोजणी चुकली नाही, माप चुकलं. "तीन ग्लास" हे मापच नव्हे, कारण प्रत्येक ग्लासात किती दारू होती हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.

बारमध्ये आम्ही पेग-मेजरने ओततो. स्मॉल म्हणजे ३० मिली, लार्ज म्हणजे ६०. फार्महाऊसवर मेजर नसतं. जो मित्र बाटली धरतो तो अंदाजाने ओततो, आणि अंदाज नेहमी वरच्याच बाजूला जातो, त्यातून ग्लास स्टीलचा असला तर आतली पातळी कुणालाच दिसत नाही. घरी करून बघा. रिकाम्या बाटलीत पाणी भरा, नेहमीसारखा एक "पेग" ओता आणि तो खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजा. झाकणावर ५ आणि १० मिलीच्या खुणा असतात. मी ज्यांना हे करायला लावलं त्यांचा पेग बहुतेक वेळा ७०-८० मिली भरला. तुमचेही तीन ग्लास ८० चे धरले तर २४० मिली होतात, म्हणजे आठ स्मॉल. एक क्वार्टर १८० ची असते, तेव्हा तुम्ही सव्वा क्वार्टरहून जास्त घेतली होती.

दुसरा घोळ बिअरचा. "मी तर बिअरच घेतो" असं म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. कुठलंही पेय पेगमध्ये मोजायचं एक सोपं गणित आहे: मिली गुणिले बाटलीवरचे टक्के, भागिले १३००. उत्तर येतं ते साधारण स्मॉल पेग. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणून ३० मिलीचा हिशेब एक येतो. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची असेल तर ६५० मिलीची बाटली म्हणजे ५२०० भागिले १३००, चार स्मॉल. माइल्ड ५ टक्क्यांची असेल तर तीच बाटली अडीच. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे दीड. दोन स्ट्राँग बाटल्या संपवणारा माणूस आठ पेगवर पोचलेला असतो आणि त्याला वाटतं आपण हलकंच घेतलंय. लेबल वाचायला दहा सेकंद लागतात, तेवढी द्या.

आता वेग. एका स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. सत्तर किलोच्या पुरुषाचं शरीर तासाला अंदाजे ७ ग्रॅम जाळतं, म्हणजे एक स्मॉल उतरायला जवळजवळ दीड तास लागतो. लिंबू, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. दुसरं म्हणजे घेतलेलं सगळं लगेच चढत नाही. पोट भरलेलं असेल तर चढायला तासभरही लागतो. "काहीच होत नाहीये" म्हणून पहिल्या अर्ध्या तासात दुसरा आणि तिसरा मारणारे लोक इथेच फसतात. तिन्ही एकदम वर येतात.

एक साहेब माझ्या बारवर यायचे. आल्याआल्या सांगायचे, "भाऊ, माझे तीन स्मॉल झाले की मी मागितलं तरी देऊ नका." खिशात तीन नाणी ठेवायचे आणि दर पेगला एक नाणं डावीकडून उजव्या खिशात टाकायचे. मला ती युक्ती फार आवडली. तुम्ही शनिवारी तसंच करा. साडेसातला घरून काहीतरी पोटभर खाऊन निघा. चखण्यावर भागवू नका, कारण खारे शेंगदाणे आणि चिवडा तहान लावतात आणि ती तहान ग्लासाने भागवली जाते. सव्वाआठला पहिला स्मॉल, झाकणाने मोजून, भरपूर पाणी घालून. तो संपला की एक पूर्ण ग्लास साधं पाणी, दुसरा सव्वानऊला. पुन्हा पाणी. तिसरा सव्वादहाला, आणि मग जेवण. सावजी मटण असेल तर ते बसून, सावकाश खा. या हिशेबाने तिसरा पूर्ण उतरायला साडेबारा तरी वाजतात. मागच्या वेळचे आठ असेच आठ वाजता सुरू झाले असते, तर शरीर सकाळी सातनंतर मोकळं झालं असतं.

मधल्या पाण्याने दारू लवकर उतरत नाही, हे स्पष्ट सांगतो. पाण्याचा उपयोग दोन आहेत. लघवीवाटे गेलेलं पाणी भरून निघतं, म्हणून सकाळचं डोकं थोडं कमी दुखतं. आणि हातात भरलेला ग्लास असला की कुणी "अबे घे ना" म्हणत नाही. पाण्यात लिंबाची फोड टाका, कुणाला फरक कळत नाही.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ग्लास रिकामा झाल्याशिवाय कुणाला ओतू देऊ नका. अर्ध्या ग्लासात भर पडली की मोजणी तिथेच संपली. आणि तुमचा आवाज चढायला लागला, किंवा "किती झाले?" हे आठवावं लागलं, तर नाणी शिल्लक असली तरी थांबा.

वजन कमी असेल तर तीन हा आकडाही जास्त आहे. पंचावन्न किलोच्या बाईच्या रक्तात एका स्मॉलनेच १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमची पातळी ओलांडू शकते, आणि मोटार वाहन कायद्याने गाडी चालवण्याची हीच मर्यादा आहे. सत्तर किलोच्या पुरुषाची दोन स्मॉलमध्ये ओलांडते. झोपेच्या, साखरेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवशी एकही घेऊ नका.

पार्टीत कुणी हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ असेल किंवा झोपेत उलटी करत असेल, तर "झोपू दे त्याला" म्हणून सोडू नका. कुशीवर वळवा, जवळ बसा आणि १०८ ला फोन करा.

गाडी घरीच ठेवा. काटोल रोडवरून रात्री परत यायला कॅब मिळेलच असं नाही, म्हणून जो अजिबात घेणार नाही असा मित्र आज ठरवा आणि किल्ली त्याच्याकडे असू द्या. तिथेच मुक्काम केला आणि ठरल्यापेक्षा जास्त झाली, तर सकाळी सहाला पोह्यांसाठी बाइक काढू नका. तुम्हाला झोपून उठल्यावर ताजं वाटत असेल, पण आठ पेगवाल्याच्या रक्तात त्या वेळी अजून दारू असते.